रोज सकाळी वजन करा

आमच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरचा एकच हट्ट होता: डिस्चार्जचा कागद घरच्यांना कळलाच पाहिजे. डॉक्टर पानंच्या पानं लिहितात आणि ती गादीखाली जातात. म्हणून त्या प्रत्येकाला ठळक अक्षरांत मोजक्या ओळी लिहून द्यायच्या.

हृदय कमजोर झालेल्या एका आजोबांच्या सुनेला त्यांनी लिहून दिलं: मीठ कमी. पाणी, चहा, दूध सगळं मिळून दिवसाला दीड लिटर. लघवीची गोळी सकाळी. रोज सकाळी वजन करा.

वजन झपाट्याने वाढलं तर लगेच दवाखान्यात आणा, हे डॉक्टरांच्या कागदात होतं. सिस्टरनी ते गाळलं. मी टोकलं, तर माझ्यावरच डाफरल्या, "जास्त लिहिलं की कुणी वाचत नाही. एवढं कुणालाही कळतं."

पुढच्याच महिन्यात आजोबा स्ट्रेचरवरून परत आले. पाय सुजून खांबासारखे झालेले, आडवं झालं की जीव गुदमरायचा.

सून म्हणाली, "एक दिवस चुकवला नाही, सिस्टर. वजन रोज वाढत होतं. आम्हाला वाटलं, बाबांनी अंग धरलं. शेजारणी माझं कौतुक करत होत्या."

"ते अंगात साठलेलं पाणी होतं, बाई," सिस्टर हळूच म्हणाल्या.

आजोबा त्या संध्याकाळी गेले. सामान आवरताना सुनेने पिशवीतून तो कागद काढला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि सिस्टरपुढे धरला.

"यात मी काय केलं नाही, तेवढं दाखवा."