पुसलेली हिरवी रेघ

अंबडच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. सुधारित ड्रॉइंग आलं की जुन्यावर ‘रद्द’ शिक्का मारून ते मशीन-शॉपमधून उचलायचं, हे माझंच काम. जुना कागद मशीनवर राहिला तर माल वाया जातो, असं मी पोरांना दरडावून सांगायचो.

दोन हजार सालानंतर कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली. मी आणि माझ्याच टेबलावरचा एक मित्र, दोघंही एका शेअर ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन बसू लागलो. कॉम्प्युटर एक, चार्ट दोघांचे मिळून. नियम त्यानेच घातले. पडता भाव जिथून वर उसळतो तो सपोर्ट हिरवा, चढता भाव जिथे अडतो तो रेझिस्टन्स लाल, भावाची दिशा दाखवणारी ट्रेंडलाइन निळी, प्रत्येक शेअरला हेच. आणि शनिवारी बाजार बंद असताना, भावाने ओलांडून मोडलेल्या रेघा पुसायच्या.

एका शेअरवर मी हिरवी रेघ मारली होती. तिथून भाव तीनदा वर उसळला होता आणि तिच्या भरवशावर मी खरेदी केली होती. मग भाव खाली घसरला. सलग दोन आठवडे रेघेखालीच बंद झाला. तिसऱ्या शनिवारी मी चांदवडला लग्नाला गेलो होतो. सोमवारी पाहतो तर रेघ नाही.

“रेघ कोणी पुसली?”

“मी. मोडली होती ती,” मित्र म्हणाला. “आता कोरा चार्ट बघ आणि सांग, आज हा शेअर नव्याने घेशील का?”

उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच संताप आला. भरल्या ऑफिसात मी ओरडलो, “माझ्या माघारी माझ्या कामात हात घालतोस? चोर आहेस तू!”

सगळ्यांनी माना वळवल्या. तो उठला, चष्मा डबीत ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही नाही.

मी रेघ पुन्हा ओढली, पहिल्यापेक्षा जाड. तिच्याखालचा प्रत्येक भाव मला स्वस्त वाटायचा. मी घेत गेलो. एकदा भाव वर चढून रेघेला टेकला आणि तिथूनच परत फिरला. तुटलेला सपोर्ट आता रेझिस्टन्स झाला होता. रंग तेवढा मी बदलला नव्हता. त्या शेअरात निवृत्तीचे बहुतेक पैसे गेले.

चार-पाच वर्षांनी मी सिडकोत त्याच्या घरी गेलो. त्याने दार अर्धंच उघडलं.

“तुझं बरोबर होतं,” मी म्हणालो.

“रेघेचं म्हणतोस होय?” तो म्हणाला. “ती मी केव्हाच विसरलो. तीस वर्षं एका टेबलावर बसलो आपण, आणि तुला मी चोर वाटलो.”

आतून त्याच्या बायकोने कोण आलंय म्हणून विचारलं.

“कोणी नाही,” तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.