पंतोजींनी दिलेला भरवसा

पंतोजींची शाळा म्हणजे तेलाच्या घाण्यामागची एक लांबोडकी खोली. पाढ्यांचा आवाज असा की घाण्याचा बैल बुजावा. पण पंतोजींचा नखरा नव्हता. न्हाव्याचा, रंगाऱ्याचा, कोणाचाही मुलगा त्यांना चालायचा.

नवं सरकार आलं आणि एके दिवशी शाळा तपासणारा साहेब दारात उभा राहिला. गोडगोड बोलला. आमची छापील पुस्तकं तुमच्याच भाषेत शिकवा, जितकी मुलं परीक्षेत पास तितकं अनुदान, आणि पास झालेल्यांना कचेरीत जागा. पंतोजी हुरळले आणि घरोघर फिरले.

"पोरगं शाळेत बसलं तर रंगाच्या हौदावर माझ्याबरोबर कोण उभं राहणार?" रंगारी म्हणाला.

"थोडी कळ काढ. कचेरीत खुर्चीवर बसेल तो. मी सांगतोय ना!"

स्वतःच्या मुलाला मात्र त्यांनी शहरातल्या मोठ्या शाळेत धाडलं, साहेबांची भाषा शिकायला. त्याची फी साहेबानंच माफ करवली होती. त्यात पंतोजींना काही वावगं वाटलं नाही.

खरी मेख होती ती सरकारच्या भाषेच्या धोरणात. सुरुवातीला साहेबांना इथलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून देशी भाषेतल्या कारकुनांवाचून त्यांचं पान हलत नव्हतं. मग वरच्या कागदांची भाषा बदलली. अर्ज देशी भाषेत, पण त्यावरचा शेरा आणि निकाल साहेबांच्या भाषेत; म्हणजे दोन्ही भाषा येणाराच कामाचा. पुढं हुकूम निघाला, शिपायाच्या वरच्या प्रत्येक जागेला मोठ्या शाळेचा दाखला हवा. शिक्षणावरचा बराचसा पैसाही त्या शाळांकडं वळला. आधी वरच्यांना शिकवू, मग ते खालच्यांना शिकवतील, असं कारण दिलं. पण मोठी शाळा फक्त जिल्ह्याच्या शहरात, फी दर महिन्याला, राहायची सोय ज्याची त्यानं करायची. तिथं पोचले ते बहुतेक कचेरीत आधीच बसलेल्यांचे मुलगे. शिकून खालच्यांना शिकवायला कोण कशाला येतो? ती भाषा थोड्यांनाच येत होती म्हणून तर त्यांना भाव होता. विचारांचीही तशीच वाटणी झाली. राजालाही जाब विचारता येतो, कायद्यापुढं सगळे सारखे, हे मोठ्या शाळेच्या पुस्तकांत होतं. ती पुस्तकं देशी भाषेत आणायचं काम सरकारनं खर्च नको म्हणून बंद केलं. पंतोजींच्या वाट्याला वळणदार अक्षर, जमिनीची मोजणी आणि आज्ञाधारकपणाचे धडे आले.

रंगाऱ्याचा थोरला पास झाला, मिसरूड फुटलं, आणि कचेरीत कारकुनाची जागा निघाली. पंतोजी स्वतः त्याला घेऊन गेले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. आत साहेबाच्या शेजारी दुय्यम अधिकारी म्हणून त्यांचाच मुलगा होता. पंतोजींचा जीव भांड्यात पडला. घरचाच माणूस!

प्रश्न साहेबांच्या भाषेत आला. रंगाऱ्याचा मुलगा गोंधळला, पण धीर करून म्हणाला, "आपल्या भाषेत विचारा ना. मोजणी, शेतसारा, अर्ज, सगळं येतं मला."

पंतोजींच्या मुलानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो शिपायाशी साहेबांच्या भाषेत काहीतरी बोलला. शिपायानं उलगडून सांगितलं, "मोठ्या शाळेचा दाखला नाही, तर जागा नाही. जा."

ज्या भाषेत आपल्या मुलानं आईला पहिली हाक मारली, ती बोलायला त्याला आता शिपाई लागत होता! पंतोजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायऱ्यांवर त्यांनी मुलाला गाठलं.

"तुला कळत होतं तो काय म्हणाला ते."

"बाबा, साहेबासमोर मी त्या भाषेत बोललो, की मीही या बाहेरच्या लोकांतलाच ठरतो."

"हा हुकूम कधीचा?"

"झाली दोनएक वर्षं. मसुदा मीच लिहिला होता."

"आणि मी अजून लोकांची पोरं गोळा करतोय! घरी येऊन जेवून जात होतास, एका शब्दानं बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुमची शाळा ओस पडली असती. अनुदान गेलं असतं. तुमच्यासाठीच गप्प बसलो."

परक्यानं फसवलं असतं तर पंतोजींनी शिव्या हासडल्या असत्या. इथं ते पाठ फिरवून पायऱ्या उतरले. पोटच्या पोरानं त्यांचा विश्वासघात केला होता, आणि वर उपकाराची भाषा करत होता.

संध्याकाळी रंगारी शाळेत आला. धाकट्याचा हात धरून.

"थोरल्याचं नशीबच खोटं, पंतोजी. तुमच्यावर माझा राग नाही. याला उद्यापासून बसवतो."

"नको बसवूस," पंतोजी कसेबसे म्हणाले. "इथं शिकून आता नोकरी नाही. नोकरी त्या शहरातल्या मोठ्या शाळेत शिकून मिळते."

"तुमचा मुलगा गेला ती?"

"तीच."

रंगाऱ्यानं धाकट्याला उंबऱ्यावरून मागं ओढलं.

"मग पंतोजी, त्याला तिकडं धाडलंत, तेव्हा आमच्या पोरांना इथं का बसवलंत?"