पन्नास भागाकार आणि एक सिद्धता

धानोऱ्याच्या प्राथमिक शाळेत शिकवता शिकवता मी मॅट्रिकच्या पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. सुटी मिळाली की बसने चांद्याला जायचं आणि तिथल्या हायस्कुलातल्या गणिताच्या मास्तरांना वही दाखवायची.

कोणत्याही विषम संख्येच्या वर्गाला आठने भागलं तर बाकी एक उरते, हे सिद्ध करायचं होतं. मी एकपासून नव्व्याण्णवपर्यंतच्या सगळ्या विषम संख्या घेतल्या आणि पन्नास भागाकार करून नेले.

मास्तर म्हणाले, "बाई, मेहनत केली तुम्ही. पण हे तपासणं झालं, सिद्ध नाई झालं. एकशे एकचं काय?"

"तेही करून आणते."

"अन् त्याच्या पुढचं?"

मी तिथल्याच बाकावर बसले. "जमल्याशिवाय मी उठत नाई," म्हटलं.

न ही कोणतीही पूर्ण संख्या धरली, तर विषम संख्या म्हणजे दोन न अधिक एक. तिचा वर्ग चार न वर्ग, अधिक चार न, अधिक एक. चार दिसत होते, आठ कुठून आणायचे? तासभर खोडाखोड केली. मग पहिल्या दोन पदांतून चार न बाहेर काढलं, तर कंसात न अधिक एक राहिलं. न आणि त्याच्या पुढची संख्या, या दोघींतली एक सम असणारच. म्हणून त्यांचा गुणाकार सम, त्याची चौपट आठच्या पटीत, आणि बाकी एक.

मास्तरांनी दोनदा वाचलं. "आता एकही संख्या सुटली नाई," म्हणाले.

माझी बस मात्र केव्हाच सुटली होती. मी मैत्रिणीकडे मुक्कामाला गेले आणि तिलाही ते पाटीवर समजावून दिलं.