चौकोनात न मावलेली मी

मोदक मी वळले होते, हे आधी सांगते. थोरल्या जाऊबाई शेजारी ताट धरून उभ्या होत्या. गणपतीतला तो फोटो. पुढे त्यांच्या पासष्टीला त्यांनी फोनवर कोलाज केला आणि मधोमध तोच लावला. त्यात मोदकांचं ताट, हसऱ्या जाऊबाई आणि कडेला एक कोपर नि दोन हिरव्या बांगड्या. ते कोपर माझं. सगळे म्हणाले, "वहिनी, मोदक काय वळता हो तुम्ही!" त्या नुसत्या हसल्या.

मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, फोटो आडवा, चौकोनात मावला नाही. फोनच कापतो, मी काय करू?"

मला तेव्हा काय कळत होतं? मी गप्प बसले. पाच वर्षं बसले.

यंदा त्यांची सत्तरी. त्यांची सून म्हणाली, "काकू, तुम्ही शिकलात ना आता, कोलाज तुम्हीच करा." करते म्हटलं. मनात म्हटलं, जाऊबाई, आता सापडलात.

फोटो चौदा आले, त्यात गणपतीतला तोही. चौदा घातले की प्रत्येक चेहरा तिळाएवढा, म्हणून सातच ठेवले. मग फोटो चौकोनात सरकवताना बोट लागलं आणि आतला फोटो डावीउजवीकडे हलला. दोनदा हलवून पाहिला. म्हणजे फोन मधलाच भाग धरतो खरा, पण कोण राहणार नि कोण जाणार ते बोटानं ठरतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मी मांडणीच बदलली. वर तीन, खाली तीन आणि मध्ये एकच लांबरुंद आडवं घर. आधी फोटोंमधलं अंतर शून्य केलं, तर सगळे एकमेकांना चिकटले. जास्त केलं तर बाथरूमच्या फरश्या. शेवटी बारीक पांढरी रेघ ठेवली. कडेच्या सहांत जाऊबाई एकट्या, छान दिसणाऱ्या. मध्ये तो फोटो, अख्खा. मी मोदकाला कळ्या पाडतेय, त्या ताट धरून वाट बघतायत. त्यांना कापायचा मोह झाला होता हो. पण कापलं असतं तर त्यांना बोलायला जागा मिळाली असती.

सत्तरीला मुलुंडच्या हॉलमध्ये कोलाजची फ्रेम उघडली. त्यांची बहीणच म्हणाली, "अय्या, मोदक ही वळत होती होय?"

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "मधला फोटो हाच कशाला घेतलास गं?"

"मावला ना, वहिनी. बोटानं सरकवला की मावतो."

फ्रेम त्यांच्या शोकेसवर आहे आता. समोर फुलदाणी असते, नेमकी माझ्या तोंडापुढे. मी गेले की पाणी प्यायच्या आधी ती सरकवते. पुढच्या खेपेला परत तिथेच असते. मला काही घाई नाही.