कुड यू एबल टु

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पनवेलच्या एसटी स्टँडमागे, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, नोकरदारांना इंग्रजी बोलायला शिकवू लागले. शाळेत मुलं मला टरकून असायची आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. आता समोर मोठी माणसं बसायची, पण आवाज काही खाली यायला तयार नव्हता.

गेल्या वर्षी करंजा या कोळ्यांच्या गावची एक सून वर्गात आली. सासर-माहेर दोन्हीकडे मासळीचा धंदा. ही पदवी घेऊन पळस्प्याजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात लागली होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम फोनचं. जहाज कंपनीच्या चेन्नईतल्या माणसाकडून डिलिव्हरी ऑर्डर मागवायची, ती आल्याशिवाय कंटेनर यार्डाबाहेर जात नाही. चेन्नईवाल्यानं हिच्या साहेबांना कळवलं होतं की ही बाई नक्की काय मागते तेच समजत नाही. साहेब तिला म्हणाले, "सोमवारी माझ्यासमोर फोन कर. मग तुला ठेवायचं की नाही ते बघू."

पहिल्याच दिवशी तिनं आपलं वाक्य म्हणून दाखवलं. "सर, वुड यू प्लीज काइंडली कुड यू एबल टु सेंड द डिलिव्हरी ऑर्डर प्लीज?" म्हणताना बिचारीला धाप लागली. मी कपाळावर हात मारला.

समजावून सांगितलं. 'कुड'मध्येच 'जमेल का' आलं, त्याला परत 'एबल' कशाला? एक तर 'कुड यू सेंड' म्हण, नाहीतर 'वुड यू बी एबल टु सेंड'. 'प्लीज' आणि 'काइंडली' यांतलं एकच पुरे. तिला सगळं कळत होतं. वहीत एकही चूक नसायची. पण मी चेन्नईचा साहेब होऊन टेबलापलीकडे बसले, की कुड, वुड, प्लीज, काइंडली सगळी मंडळी एकदम दारात गर्दी करायची.

"मॅडम, नुसता 'कुड यू सेंड' म्हटला तर उर्मटपना वाटतो ना," ती म्हणायची. "समोरचा मोठा मानूस हाय."

"मोठा माणूस काय खातो का तुला?" मी ओरडायची. आणि मी जितकी ओरडायची, तितकं तिचं वाक्य लांबायचं. शुक्रवारी तर तिनं दोन 'काइंडली' घातले आणि वर 'सॉरी सर'. उरले होते दोन दिवस. मी डस्टर टेबलावर आपटला. "नोकरी घालवायची आहे का तुला? किती वेळा सांगायचं?"

ती उभीच राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि माझ्याकडे सरळ बघत सावकाश म्हणाली, "मॅडम, कुड यू प्लीज नॉट शाउट ॲट मी?"

माझ्या सवयीनं मी आधी त्या वाक्यात चूक शोधली. नव्हती. मग मात्र माझे कान तापले. इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं आणि म्हणायला हवं होतं, हे मला तिथेच, खडूनं माखलेल्या हातांनी उभी असताना पटलं. मी खुर्चीत बसले. म्हटलं, "चुकलं माझं. नाही ओरडणार." ती घाबरून म्हणाली, "सॉरी मॅडम." "आता सॉरी म्हणून त्या वाक्याची माती करू नकोस," मी म्हटलं, आणि अख्खा वर्ग हसला. ती पण हसली. त्या संध्याकाळी मी चेन्नईचा साहेब हळू आवाजात केला.

सोमवारी मला जेवण गेलं नाही. दुपारी तिचा फोन आला. मागे ट्रेलरचे हॉर्न, त्यामुळे ती ओरडूनच बोलत होती.

"मॅडम, ठेवला मला साहेबांनी!"

"काय म्हणालीस फोनवर?"

"कुड यू सेंड द डिलिव्हरी ऑर्डर बाय फोर, प्लीज? एवढाच. तो म्हटला, शुअर. झाला."

मी शाबासकी देणार, तोवर हॉर्न मागे पडले; ती आडोशाला गेली असावी.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "मी एकदाच मागितला. आनि त्यानं दिला. असा पन असतं?"

मी पदरानं डोळे पुसले. म्हटलं, "असतं गं. असायलाच हवं."