झुंबरबाईचा पाय

गोजरबाई थकली होती, आणि थकले म्हणायची सोय नव्हती. तिच्या सासूच्या, झुंबरबाईच्या, पायाचं बोट श्रावणात काळं पडलं. दसरा तोंडावर आला तेव्हा काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. दोन्ही वेळा पट्टी सोडायची, जांभळ्या औषधी पाण्यानं पाय धुवायचा, चिंध्या जाळायच्या, मग हात घासून भाकरी थापायला बसायचं. नवरा, अर्जुनराव, उंबऱ्यातूनच विचारायचा, "बरं हाय ना, माय?" वास यायचा त्याला. मोठा मायेचा लेक!

तालुक्याच्या जळगावचा डॉक्टर त्या दिवशी म्हातारीच्या बाजेशेजारी बसूनच बोलला. लघवीत साखर होती, पायापर्यंत रक्त पोचत नव्हतं. मांडीतून पाय कापला तर विष चढायचं थांबेल. पण काळीज कमजोर, भुलीतून जागी होईलच असं नाही, आणि झाली तरी जखम भरायला महिने. नाही कापला तर ताप येईल, ग्लानी येईल, फार दिवस उरणार नाहीत.

"मी काय सांगितलं ते आता तुम्ही सांगा, आजी."

"कापला तं वाचीन किंवा मरीन. नाई कापला तं नक्की मरीन. मंग घरीच मरू द्या."

"ठीक. पण कापायला नाही म्हटलं म्हणून औषध बंद नाही. कळ थांबायला अफूचा अर्क देतो. मी येत राहीन. मन बदललं तर ताप चढायच्या आत कळवा, मग उपयोग नाही."

डॉक्टर गेला आणि अर्जुनराव पेटला. "सकाळी दमणीले बैल जुंपतो. नांदुऱ्याहून रेल्वेनं अकोल्याच्या दवाखान्यात. तिले काय समजते? लोक म्हणतील, मायले मरू देलं!" मग बायकोकडे वळला. "तू काऊन गप? तुले सुटका पाह्यजे!"

गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटका हवीच होती तिला. रोज हवी होती, आणि रोज त्याची लाज वाटत होती.

"तिच्यावर काऊन ओरडून राह्यला बे?" झुंबरबाई कशीबशी उठून बसली. "दसऱ्याले सोनं देऊन पाया पडशील ना? उंबऱ्यातून नाई चालत. ये इकडं. आजची पट्टी तू सोड, मंग कापायचं बोल."

अर्जुनराव बसला. पट्टीचा आतला पदर जखमेला चिकटला होता, त्यानं ओढला आणि म्हातारी किंचाळली.

"ओढू नका," गोजरबाई म्हणाली, "आधी पाणी टाका."

पाय उघडा पडला तसा तो अंगणात जाऊन ओकला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"माय, रोज असंच दुखते?"

"हाव. हा पाय मले सोसते, बापू. पण तिकडं अनोळखी लोकायच्या हाती भुलीत मरायचं भेव वाटते. मले तुमच्यात राहू दे."

तो रडला, लपवलं नाही. पाय धुतला, वाकडातिकडा पुसला. "दमणी नाई जुंपत," म्हणाला. मग बायकोला विचारलं, "धुतल्या चिंध्या कुठं हायेत?"

गोजरबाईनं कोनाड्याकडे बोट दाखवलं. उठली नाही. भिंतीला टेकून ती बसल्या बसल्या झोपून गेली.