खाली लिहिलंय

पोटासाठी मी छोट्या ओळी लिहिते. कुणाचा पाण्याचा फिल्टर, कुणाची शिलाई मशीन, कुणाचं लाकडी घाण्याचं तेल. वस्तू काय आहे, कशी वापरायची, हे आठ-नऊ चित्रांत सांगायचं. ती चित्रं लोक मोबाइलवर बोटाने एकेक सरकवत पाहतात, आणि सगळ्यांच्या खाली एक मजकूर असतो, त्याला कॅप्शन म्हणतात. गेल्या सोयाबीनच्या हंगामात मी एक ओळ चित्रावरून उचलून कॅप्शनमध्ये नेऊन ठेवली, आणि राळेगावकडे राहणारी माझी काकू जिवाला मुकली. असं सांगितलं की लोक म्हणतात, तसं नसतं गं, वेळ आलेली असते. मला त्या वेळेचं काही माहीत नाही. ओळ मात्र चांगली माहीत आहे.

काम झटका मशीनचं होतं. रानडुकरं शेतात शिरू नयेत म्हणून बांधाभोवती तार ओढतात आणि ती या मशीनला जोडतात. मशीन बॅटरीवर चालतं, बॅटरी वरच्या सोलर पाटीवर भरते. साधारण सेकंदाला एक, क्षणभराचाच झटका तारेतून जातो. जनावर दचकतं, पळतं, मरत नाही. तीच तार कुणी थेट मोटारपंपाच्या विजेवर जोडली, तर हात लावणारा सुटत नाही, मग तो डुक्कर असो की माणूस. आमच्या जिल्ह्यात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी दरवर्षी कुणीतरी जोडतंच.

मशीन बनवणारे दादा यवतमाळातच, एका टिनाच्या शेडमध्ये बसायचे. त्यांच्याकडे चित्रं काढणारी एक मुलगी होती, बोलायला कमी आणि कामाला चोख. तिने पाचव्या चित्रात मशीन काढलं होतं, त्याच्या लाल टोकापासून निघालेली तार खांबापर्यंत नेली होती, आणि कोपऱ्यात लाल पट्टीवर लिहिलं होतं : ‘तार थेट घरच्या किंवा पंपाच्या विजेवर जोडू नका. जीव जाईल.’

मी ते पाहून नाक मुरडलं. मला तेव्हा या धंद्यात चार वर्षं झाली होती, म्हणजे माणूस सगळ्यात जास्त शहाणा असतो तेवढी. मी तिला शिकवलं. एका चित्रात एकच गोष्ट. मशीन पुढच्या चित्रात येणारच आहे, मग इथे कशाला? इथे फक्त तार आणि विजेची खूण. आणि चित्रावर जे आहे ते कॅप्शनमध्ये नको, कॅप्शनमध्ये जे आहे ते चित्रावर नको. दोघं एकच बोलत असतील तर त्यातला एक बिनकामाचा. चित्राने हात धरून आणायचं, कॅप्शनने बसवून समजवायचं. हे माझं आवडतं वाक्य होतं. ते मी बऱ्याच ठिकाणी ऐकवलेलं आहे.

तिने पट्टी पुसली. मी पाचव्या चित्रावर तीन शब्द लिहिले : ‘तारेला लाईन द्या.’

आमच्याकडे वीज येत नाही, लाईन येते. लाईन गेली, लाईन आली, लाईन केव्हा येईल. मी याच मातीत वाढले, मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण शेडमधले कारागीर मशीनमधून निघणाऱ्या झटक्यालाही लाईनच म्हणत, ते मी आठवडाभर ऐकत होते, आणि मला तो शब्द गावचा, सुटसुटीत वाटला. मोठ्या शहरातल्या लिहिणाऱ्यांना असा शब्द सुचणार नाही, असंही मनात आलं. गर्व झाला होता, दुसरं काय.

दादांनी मात्र हटकलं. विकणारा माणूस, पण त्याला जे दिसलं ते मला दिसलं नाही.

“मॅडम, थे जीव जाईलवालं वरतंच राहू द्या ना. लोकं खाली वाचत नाहीत. बोट सरकवतेत अन् मोकळे होतेत.”

“कॅप्शनमध्ये घेतलंय दादा. अख्खा परिच्छेद आहे.”

“परिच्छेद हाय म्हणूनच म्हणून राह्यलो.”

मी हसले. त्यांना समजावलं की कॅप्शनच्या फक्त पहिल्या दोन ओळी उघड्या दिसतात, बाकीचं ‘आणखी’वर बोट ठेवल्यावर उघडतं, म्हणून वर ओढून घेणारी ओळ हवी, इशाऱ्याने सुरुवात केली तर माणूस पळतो. वर प्रश्न टाकला : ‘तुमच्या शेतात रोज रात्री पंगत बसते का?’ मग मशीनची माहिती, मग फोन नंबर, आणि त्याच्याही खाली इशारा. दादा म्हणाले, तुमाले जास्त समजते. तुमाले जास्त समजते, हे वाक्य आमच्याकडे कौतुकाने कमी आणि कंटाळून जास्त म्हणतात.

पोस्ट चालली. लोक हसरे चेहरे टाकत होते, आपल्या भावकीला खुणावत होते. मी ती नऊ चित्रं नेहमीप्रमाणे काकूला पाठवली.

काकू माझी पहिली वाचक. सातवी शिकलेली, पण वाचायची हौस अशी की भज्यांचा कागदही तेलकट हातांनी सरळ करून वाचल्याशिवाय चुलीत टाकायची नाही. तिच्या फोनवर व्हॉट्सॲप तेवढं होतं. मी कुठलंही काम केलं की चित्रं निवडून तिला धाडायची, आणि दुपारी तिचा आवाज यायचा, “चांगलं लिवलं वं.” आमचं हे चार वर्षं चाललं होतं. त्या चार वर्षांत तिने माझं एकही कॅप्शन वाचलं नव्हतं. चित्रं पाठवली की चित्रंच जातात, कॅप्शन तिथे पोस्टखालीच राहतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. पण घरच्या माणसाच्या बाबतीत ते कधी मनातच आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असावा.

काका-काकूंच्या तीन एकरांत डुकरं रोज शिरत होती. काकांनी मशीन घ्यायचं ठरवलं, मीच दादांना सांगितलं. त्यांच्याकडची मशीनं संपली होती, नवी पंधरा दिवसांनी येणार होती. काकांनी तोवर खांब रोवून तार ओढून ठेवली. एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास काकूचा फोन आला. मी एका हॉटेलवाल्याच्या मेनूकार्डात अडकले होते.

“पोरी, ते पाचव्या फोटोत लाईन द्या लिवलं, ते कोणती लाईन वं?”

“काकू, खाली लिहिलंय ना सगळं. वाच की नीट.”

“खाली?”

“हो गं, खाली. कामात आहे, करते नंतर.”

आणि मी फोन ठेवला. थोड्या वेळाने तिचा आवाजातला निरोप येऊन पडला. मी तो उघडला नाही. काकूचे निरोप लांबतात, शेजारणीच्या म्हशीपर्यंत जातात, म्हणून ते मी जेवताना ऐकत असे. त्या दिवशी जेवायला उशीर झाला, मग राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चुलतभावाचा फोन आला. काकांनी संध्याकाळी पंपाच्या पेटीतून वायर काढून तारेला जोडली होती. मशीन येऊस्तोवर चालवून घेऊ, असा हिशेब. सकाळी बंद करायची ते विसरले. काकू बकऱ्यांसाठी बांधावरचं गवत कापायला गेली. दवाने गवत ओलं, पाय ओले, हातात विळा.

मी राळेगावची एसटी धरली. गावात पोचले तेव्हा तिला तालुक्याला दवाखान्यात नेलं होतं, चिरफाडीसाठी. काका ओसरीवर बसले होते आणि समोर दोन पोलीस. विजेची तार जोडली म्हणून गुन्हा त्यांच्यावरच दाखल होणार होता. बायकोही गेली आणि तिला मारल्याचा ठपकाही यांच्याच माथी. काकांनी फोन पुढे केला आणि पाचवं चित्र दाखवलं. “हे पाहा ना साहेब, छापून हाय.” पोलिसाने चित्र मोठं करून पाहिलं, फोन परत दिला आणि लिहिणं चालू ठेवलं. चित्रावर कंपनीचं नाव होतं, माझं नव्हतं. माझं नाव कुठेच नसतं.

काकांनी मला पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “तुनं लिवलं होतं म्हणून मी कोणाले इचारलं नाही.” मला तिथून उठताही येईना आणि बसवतही नव्हतं.

त्याच दुपारी मी ओसरीवरून दादांना फोन केला. कॅप्शन बदलता येतं, ते मी लगेच बदललं, इशारा पहिल्या ओळीत आणला. पण एकदा टाकलेलं चित्र दुरुस्त करून पुन्हा त्याच जागी बसवता येत नाही. ते काढून टाकता येतं, नाहीतर सगळीच पोस्ट काढायची. दादांनी सगळी काढली. त्याने काय होणार होतं? चित्रं गावोगावच्या ग्रुपांवर सुटी फिरत होती. महिन्याभराने पाचवं चित्र मलाच एका शाळेच्या ग्रुपवर आलं, फुलसावंगीकडच्या कुणीतरी पाठवलेलं, ‘उपयोगी माहिती’ म्हणून. मी त्याखाली लिहिलं, हे चित्र चुकीचं आहे, विजेवर जोडू नका. माझ्या शब्दांवर कुणी हात जोडले, कुणी शुभ सकाळ टाकली.

आता नवी चित्रं आहेत. त्या मुलीने काढली, तिची जुनी लाल पट्टी जशीच्या तशी घेऊन. पाचव्यावर मशीन आहे, आणि ओळ आहे : ‘तार मशीनच्या लाल टोकालाच जोडा.’ लाईन हा शब्द नाही. इशारा प्रत्येक चित्रावर आहे, आणि कॅप्शनच्या पहिल्या ओळीतही तोच, शब्दाला शब्द. एकेक चित्र सुटं करून मी चुलतभावाला दाखवते, कॅप्शन न देता, आणि विचारते, यातून तू काय करशील? इतर गिऱ्हाइकांनाही मी आता तसंच करून देते. ते म्हणतात, मॅडम, तेच तेच दोनदा कशाला? मी म्हणते, राहू द्या.

काकूचा तो निरोप मी तेराव्यानंतर परतीच्या एसटीत ऐकला. मोठा असेल असं वाटलं होतं. जेमतेम पंधरा सेकंदांचा निघाला. मागे बकरी ओरडत होती.

“पोरी, मी पायलं. खाली तं काईच नाही वं. खाली खालीच हाय. तुये काका म्हणते, लाईन म्हंजे लाईनच. तू एकडाव सांग त्यायले, तुयंच आयकते.”